पंच्याऐंशीला उकळणारं बेन्झिन

जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. माझ्या आधीचा डेमॉन्स्ट्रेटर विद्यार्थ्यांना फार जवळ करायचा, म्हणून त्यांनी त्याला पार गुंडाळून ठेवलं होतं, असं विभागप्रमुखांनी मला बजावलं होतं. आम्ही सगळे त्यांना मोठे सर म्हणायचो. "रीडिंग घेताना डोळा ठेवायचा," ते म्हणाले. "पोरं घरून आकडे करून आणतात. आणि सामानावरही लक्ष असू द्या."

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. कॉलेज नवं, प्रयोगशाळा लहान. दहा टेबलं, दोन शेगड्या, एक जुना रिफ्रॅक्टोमीटर. तो मोठ्या सरांच्या कुलपात असायचा आणि काढताना सही करावी लागायची.

बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक प्रयोग होता. बेन्झिन आणि टोल्युइन हे दोन द्रव वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, प्रत्येक मिश्रण उकळवायचं, ते किती अंशांना उकळतं ते बघायचं. मग भांड्यातल्या द्रवाचा एक थेंब घ्यायचा आणि वाफ थंड होऊन जो द्रव पडतो त्याचाही एक थेंब घ्यायचा. दोन्ही थेंब रिफ्रॅक्टोमीटरखाली ठेवले की त्यांतून प्रकाश किती वाकतो ते कळतं, आणि त्यावरून कोणात बेन्झिन किती, टोल्युइन किती, ते काढता येतं. हे दोन द्रव एकमेकांचे सख्खे भाऊ म्हणावेत असे आहेत. दोघांचे रेणू जवळपास सारखे, त्यामुळे एकमेकांत मिसळले तरी कुणी कुणाला जास्त ओढत नाही की ढकलत नाही. अशा मिश्रणाला आदर्श मिश्रण म्हणतात. त्यात प्रत्येक द्रव आपापल्या वाट्यापुरता वाफेचा दाब देतो. पण बेन्झिन जास्त उडतं, म्हणून वाफेत त्याचा वाटा द्रवातल्या वाट्यापेक्षा नेहमी मोठा निघतो. आलेख काढला की दोन वक्र रेषा मिळतात. खालची द्रवाची, वरची वाफेची. दोन्ही टोकांना त्या एकमेकींना चिकटतात, मधे एक लांबट फुगीर पान तयार होतं.

त्या वर्षी दहा विद्यार्थ्यांच्या वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. नऊ वह्यांत ते पान इतकं देखणं होतं की पुस्तकातून छापल्यासारखं. बेन्झिन ८०.१ अंशांना उकळलेलं, टोल्युइन ११०.६ ला. मधले सगळे ठिपके रेषेवर. मला बरं वाटलं. वाटलं, मी शिकवलं ते यांच्या डोक्यात शिरलंय.

दहावी वही मात्र विचित्र होती. तिच्यातलं बेन्झिन पंच्याऐंशीला उकळत होतं. टोल्युइन १०८.५ ला. ठिपके रेषेच्या वरखाली विखुरलेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शुद्ध बेन्झिनच्या टोकाला, जिथे दोन्ही रेषा एका बिंदूत मिळायला हव्यात, तिथे या वहीत दोन वेगळे ठिपके होते. म्हणजे भांड्यातल्या बेन्झिनचा थेंब वेगळा आणि त्याच बेन्झिनच्या वाफेचा थेंब वेगळा. मी लाल शाईने तिन्ही जागी गोल केले आणि खाली लिहिलं : निष्काळजीपणा. पुन्हा करा.

ती वही एका मुलीची होती. तीर्थपुरीजवळच्या गावातली. वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायचे, घर बौद्ध, आणि ती जालन्यातच मस्तगडात आजोळी राहून शिकत होती. वर्गात गप्प असायची. आज मला सांगायला लाज वाटते, पण ती वही बघून माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे, की हिच्या हाताला प्रयोगाची सवय कुठून असणार. असा विचार नऊंपैकी एकाच्याही बाबतीत माझ्या डोक्यात आला नाही. त्या नऊंत एक मुलगा संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या होता.

मी तिला बोलावलं. विचारलं की रिफ्रॅक्टोमीटरची काच पुसली होती का. पुसली होती म्हणाली. थर्मामीटर बरोबर धरला होता का. हो म्हणाली. मग हे आकडे असे का, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "सर, मी तीनदा केलं. तिन्ही बारी पंच्याऐंशीच आलं. मलाबी वाटलं की चुकून राह्यलं. पण जे दिसलं न्हाई ते कसं लिहू?"

मला ते उत्तर उद्धट वाटलं. मी म्हणालो, उद्या माझ्यासमोर कर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसलो. काही तरी लबाडी सापडेल याच तयारीने बसलो होतो. तिने फ्लास्क धुतला, सुकवला, कपाटातून बेन्झिनची बाटली आणली, माझ्यासमोर ओतलं. शेगडीवर वाळूची कढई, वाळूत फ्लास्क. तेव्हा बेन्झिन घातक म्हणून कुणी दूर सारत नव्हतं. खोलीभर त्याचा गोडसर वास असायचा, आम्ही त्यात तासन् तास बसायचो. थर्मामीटरचा पारा चढत गेला, अठ्ठ्याहत्तरला थांबला नाही, ऐंशीला थांबला नाही. पंच्याऐंशीला स्थिर झाला.

मी म्हणालो थर्मामीटर खराब आहे. तिला पाणी उकळायला लावलं आणि तोच थर्मामीटर त्याच्या वाफेत धरला. पारा अठ्ठ्याण्णवच्या किंचित वर थांबला. शंभर यायला हवं होतं, म्हणजे थर्मामीटर दोन अंश कमी दाखवतो, असा मी हिशेब केला. पण मग बेन्झिन पंच्याऐंशीला नाही, सत्त्याऐंशीला उकळतंय असं होत होतं. प्रकरण सुटण्याऐवजी वाढलं.

तिने दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरखाली ठेवले. बेन्झिन आणि टोल्युइनमधला फरक त्या यंत्रावर फारच थोडा दिसतो, चौथ्या दशांश स्थळावर चाळीसेक घरं. त्यामुळे हात जरा इकडेतिकडे झाला की ठिपका सरकतो. मी स्वतः डोळा लावला. भांड्यातला थेंब आणि वाफेचा थेंब यांच्यात सहा घरांचा फरक होता. पुन्हा काच पुसली, पुन्हा पाहिलं. सहाच.

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, हे एकच लिक्विड असतं तर वाफ वेगळी कशी आली असती?"

मी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न बरोबर होता. शुद्ध द्रवाची वाफ म्हणजे तोच द्रव. वाफ वेगळी निघते ती मिश्रणाची. बाटलीवर बेन्झिन लिहिलेलं होतं, पण आत बेन्झिन एकटं नव्हतं.

त्या क्षणी मी तिच्यावरचा संशय सोडला खरा, पण संशय घेणं सोडलं नाही. तो तिथून उचलून दुसऱ्यावर ठेवला.

प्रयोगशाळेचे शिपाई पन्नाशीचे होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. घर मूळचं धनगरांचं, तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती, मग एका पायाने अधू झाल्यावर कॉलेजात लागले. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. सकाळी सगळ्यांच्या आधी येणार, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जाणार. हे आधी मला चांगलं वाटायचं. आता मी विचार करायला लागलो की हा माणूस एकटा एवढा वेळ तिथे करतो काय.

त्याच सुमारास स्टाफरूममध्ये एक बोलणं कानावर आलं होतं. जुन्या जालन्यात कापडाच्या पेठेला लागून एक ड्रायक्लीनिंगचं दुकान निघालं होतं, आणि तिथे कपड्यांवरचे तेलाचे डाग बेन्झिनने काढतात म्हणे. बोलणारा गमतीत बोलला होता. मी ते गमतीत घेतलं नाही. बेन्झिन काढून विकायचं आणि बाटली भरलेली दिसावी म्हणून टोल्युइन ओतून ठेवायचं. दोन्ही रंगहीन, वासही जवळचा. कुणाला कळणार? माझ्या डोक्यात सगळी साखळी जुळली.

मी बाटलीच्या लेबलवर, द्रवाची पातळी होती तिथे, पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली. कुणाला दिसणार नाही अशी. टोल्युइनच्या बाटलीवरही मारली. तीन दिवसांनी बघितलं तर टोल्युइनची पातळी जिथल्या तिथे होती आणि बेन्झिनची पातळी रेघेच्या वर गेली होती. दोन बोटं वर. चोरीत माल कमी होतो. इथे वाढला होता. मला ते समजलं नाही, पण जे समजलं नाही त्याने माझा संशय आणखीच पक्का झाला. टोल्युइन नसेल तर आणखी काही तरी ओततोय, बाजारातून आणून.

त्या शनिवारी दुपारी कॉलेज लवकर सुटलं. मामा काखेत कापडी पिशवी घेऊन निघाले. पिशवी जड दिसत होती. मी काही अंतर ठेवून मागे निघालो. आज ते आठवलं की मला माझंच हसू येतं आणि रागही येतो. शिकलेला, सूट शिवून घेतलेला माणूस, लंगडत चाललेल्या शिपायाच्या मागे पानाच्या टपऱ्यांआड थांबत चाललोय. नदी ओलांडून मामा जुन्या जालन्यात शिरले, धान्याच्या अडतींपुढून, हमालांना वाट देत, आणि थेट त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात गेले. बाहेर आले तेव्हा पिशवी रिकामी होती.

सोमवारी सकाळी मी मोठ्या सरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. बाटली, पातळी, दुकान, पिशवी. ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, मेमो काढू, तुम्ही लेखी द्या. मी तिथेच बसून लेखी दिलं. सही करताना मला मी फार दक्ष माणूस वाटत होतो. कागद ड्रॉवरमध्ये टाकताना त्यांनी एवढंच विचारलं की शनिवारी किती वाजता पाहिलं. मी सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी ड्रॉवर लावून घेतला.

त्याच दुपारी ती मुलगी माझ्याकडे आली. तिला मेमोबद्दल काही माहीत नव्हतं. ती म्हणाली की बाटलीत दुसरं काय आहे ते तिला शोधायचंय, आणि मामा मागच्या खोलीत ऊर्ध्वपातन लावून बसले आहेत, त्यांना विचारू का. मी तिला थांबायला सांगून एकटाच मागच्या खोलीकडे गेलो. दार लोटलेलं होतं. न वाजवता ढकललं. आत पकडायचंच होतं मला.

मामा स्टुलावर बसून होते. समोर मोठा फ्लास्क, वाळूची कढई, वाफ थंड करायचा कंडेन्सर, त्यात नळाचं पाणी बारीक सोडलेलं. थेंब थेंब द्रव खालच्या बाटलीत पडत होता. बाजूला एक मोठी काळी बाटली. तिच्यावर खडूने लिहिलं होतं : वापरलेलं. मला बघून ते उठले, घाबरले नाहीत.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"बेन्झिन काढून राह्यलो, सर."

"कशातून?"

त्यांनी काळ्या बाटलीकडे बोट केलं. पोरांनी प्रयोग करून झाल्यावर उरलेली सगळी मिश्रणं तिच्यात जमत होती. मी म्हणालो, हे कुणी सांगितलं करायला? ते माझ्याकडे जरा आश्चर्याने बघत राहिले.

"तुम्हीच तर सांगितलं व्हतं, सर. तुम्ही आल्ते त्या महिन्यात. फळ्यावर ते पानासारखं चित्र काढून पोरांना सांगून राह्यले व्हते, मी डस्टर घेऊन आल्तो तवा. म्हणाले, बेन्झिन हलकं, ते आधी उडतं, टोल्युइन मागं राहतं. अन् मोठे सर म्हणून राह्यले व्हते की माल वाया चाललाय. मंग मी म्हणलं, आधी उडतं ते धरलं की बेन्झिन मिळालं. बाटली खाली झाल्ती, तिच्यात भरलं. पुढं जसं निघंल तसं त्याच्यातच टाकत गेलो. लई जपून करतो, सर. फक्त पयला पाव हिस्सा घेतो, बाकी परत ठेवतो. बिलकुल सांडत न्हाई."

मी कंडेन्सरच्या टोकाकडे बघत उभा राहिलो. थेंब पडत होता.

माझ्या वाक्यात चूक एका शब्दाची होती. बेन्झिन आधी उडतं असं नाही. बेन्झिन जास्त उडतं. आदर्श मिश्रण उकळलं की पहिल्या थेंबापासून दोघंही वाफेत असतात, फक्त बेन्झिनचा वाटा मोठा. मी वर्गात घाईत जे अर्धवट बोललो होतो ते विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून सोडून दिलं. ज्या एका माणसाने ते खरं मानून हातांनी करून पाहिलं, त्याच्यावर मी त्या सकाळी लेखी आरोप केला होता.

पण इतक्यावरही माझं मन लगेच स्वच्छ झालं असं नाही. कदाचित हा गोष्ट रचून सांगतोय, असंही वाटून गेलं. संशयाची एकदा सवय लागली की ती एका उत्तराने सुटत नाही. म्हणून मी ठरवलं की हे आकड्यांनी तपासायचं. मामा म्हणतात तसं झालं असेल, तर बाटलीतल्या द्रवाने किती अंशांना उकळायला हवं ते काढता येईल.

मी त्या मुलीला आत बोलावलं. फ्लास्क थंड झाल्यावर रिकामा करून काळ्या बाटलीतलं ताजं मिश्रण त्यात घेतलं आणि तिघांनी मिळून ते उकळवलं. पारा नव्वदला थांबला. ती म्हणाली, नव्वदचे वाफदाब पुस्तकात बघू. तक्त्यात नव्वद अंशांना शुद्ध बेन्झिनचा दाब १०२१ मिलिमीटर होता, टोल्युइनचा ४०७. आता बाहेरच्या हवेचा दाब घ्यायचा आणि त्यावरून द्रवात कोण किती ते काढायचं. मी सवयीने ७६० लिहिलं.

"सर," ती म्हणाली, "फिजिक्सच्या भिंतीवर बॅरोमीटर हाय. तो सातशे पंधरा दाखवतो. मी प्रयोगाच्या दिवशी पाहून आल्ते, वहीत लिहिलंय."

मी तिची वही उघडली. पहिल्याच पानावर, प्रयोगाच्या नावाखाली, लिहिलेलं होतं : हवेचा दाब ७१५. माझ्या लाल गोलांच्या अगदी वर. मी ते पाहिलंच नव्हतं.

७६० हा समुद्राच्या काठावरचा दाब; जालना उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून सगळंच थोडं आधी उकळतं. पाणी अठ्ठ्याण्णवच्या जरा वर उकळलं ते थर्मामीटर चुकीचा म्हणून नव्हे. तो बरोबर होता. टोल्युइन इथे १०८.५ लाच उकळायला हवं, तिने तेच लिहिलं होतं. आणि शुद्ध बेन्झिन इथे अठ्ठ्याहत्तरला उकळेल, ऐंशीला कधीच नाही.

आम्ही आकडे मांडले. ७१५ मधून ४०७ वजा केले, ३०८ आले. १०२१ मधून ४०७ वजा केले, ६१४ आले. एकाला दुसऱ्याने भागलं तर निम्मं. म्हणजे काळ्या बाटलीत दर शंभर रेणूंमागे पन्नास बेन्झिनचे. मग वाफेतला वाटा. निम्मं बेन्झिन, म्हणून त्याचा दाब १०२१ चा निम्मा, पाचशे दहा. एकूण दाब ७१५. भागलं तर वाफेत बेन्झिन शंभरात एकाहत्तर. द्रवात पन्नास, वाफेत एकाहत्तर. हा पहिला थेंब. पुढे जसजसं बेन्झिन निघून जातं तसतसे मागून येणारे थेंब थोडे गरीब होत जातात, त्यामुळे पहिल्या पाव हिश्शाची सरासरी एकोणसत्तरच्या आसपास येते.

आता उलटा प्रश्न. ज्यात एकोणसत्तर बेन्झिन आहे ते मिश्रण जालन्यात किती अंशांना उकळेल? तिने ७१५ साठी नवा आलेख काढायला घेतला. एक एक तापमान धरून, तक्त्यातले दाब घेऊन, आधी द्रवाचा ठिपका, मग वाफेचा. अर्धा तास लागला. मामा तिच्या मागे उभे राहून बघत होते. तिने एकोणसत्तरवर पट्टी उभी धरली आणि खालच्या रेषेला जिथे लागली तिथून आडवी नेली.

पंच्याऐंशी.

मग तिथूनच वाफेच्या रेषेपर्यंत आडवी गेली आणि खाली उतरली. त्या द्रवाच्या वाफेत पंच्याऐंशीच्या आसपास बेन्झिन निघत होतं. द्रवात एकोणसत्तर, वाफेत पंच्याऐंशी, सोळाचा फरक. रिफ्रॅक्टोमीटरवर सहा घरं. आम्ही डोळ्यांनी पाहिलेली सहा घरं.

मग मामांनी विचारलं, "म्हणजे माझं बेन्झिन बेकार निघालं का, सर?"

मी त्यांना समजावलं की बेकार नाही, पण एकदा उडवून भागत नाही. हेच पुन्हा उडवलं तर पंच्याऐंशीचं होईल, पुन्हा उडवलं तर आणखी वर जाईल, दर खेपेला माल कमी होत जाईल. ते ऐकत होते. चेहरा मात्र पडला होता. चांगल्या मनाने केलेलं काम चुकीचं निघालं याचं दुःख मी ओळखू शकलो. माझ्या लेखी कागदाबद्दल मी तेव्हा त्यांना काहीच सांगितलं नाही. धीर झाला नाही.

ती मुलगी वह्यांच्या ढिगाकडे बघत होती. माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं. त्या बाटलीतून दहाही जणांनी बेन्झिन घेतलं होतं. मग नऊ जणांचं ८०.१ ला कसं उकळलं? चांगलं बेन्झिन असतं तरी इथे ते अठ्ठ्याहत्तरला उकळलं असतं. ८०.१ हा आकडा फक्त पुस्तकात उकळतो. नऊही वह्या घरी बसून तयार झाल्या होत्या. ज्या यंत्रावर चाळीस घरांत सगळा खेळ चालतो, त्याच्यावर इतके सरळ रेषेतले ठिपके कुणालाच मिळणार नव्हते. त्या देखणेपणावरच मला संशय यायला हवा होता. दक्ष म्हणवणाऱ्या मला तो आला नाही.

आणि तो का आला नाही, हेही मला माहीत होतं. औरंगाबादला शिकत असताना मी स्वतः हाच प्रयोग केला होता. ते गाव तर जालन्याहूनही उंचावर. माझ्याही वहीत बेन्झिन ८०.१ ला उकळलं होतं. प्रत्यक्षात काय आलं होतं ते मला आठवतच नव्हतं, कारण मी ते कधी लिहिलंच नव्हतं.

संध्याकाळी मी मोठ्या सरांकडे गेलो आणि माझा कागद परत मागितला. कारण सांगितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तो शनिवारी माझा कोट द्यायला गेला होता दुकानात. मी पाठवला होता. तुम्ही दुकानाचं सांगितलंत तेव्हाच मला कळलं."

मी विचारलं की मग तुम्ही सकाळीच का नाही बोललात.

"बघत होतो," ते म्हणाले. "तुम्ही कुठवर जाता ते."

म्हणजे मी मामांवर डोळा ठेवून होतो आणि मोठे सर माझ्यावर. मी कागद तिथेच फाडला.

नऊ वह्यांचं मात्र इतक्या सहज झालं नाही. मी म्हणालो सगळ्यांना पुन्हा करायला लावू. त्या वह्यांवर मोठ्या सरांच्याही सह्या झालेल्या होत्या, आणि सेक्रेटरींच्या पुतण्याचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला नाही तरी खोलीत होता. शेवटी त्यांनी एक वाट काढली. नोटीस लागली ती अशी, की बेन्झिनच्या बाटलीत दोष आढळल्याने सर्व विद्यार्थ्यांनी हा प्रयोग पुन्हा करावा. खोटेपणाचा शब्द कुठे नव्हता. मला ते पटलं नाही. मी गप्प बसलो.

औरंगाबादहून नवी सीलबंद बाटली आली. मी सगळ्यांना आधी भिंतीवरचा बॅरोमीटर वाचायला लावलं. दिवसभर एकेकाच्या टेबलाशी उभा राहिलो. बेन्झिन अठ्ठ्याहत्तरला उकळलं तेव्हा सेक्रेटरींचा पुतण्या मला म्हणाला, "सर, हे चुकतंय, पुस्तकात ऐंशी आहे." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की चुकतंय. मी त्याला म्हणालो, जे दिसतंय ते लिही. हे वाक्य माझं नव्हतं, हे त्या मुलीला कळलं असणार. ती शेजारच्या टेबलावर होती, तिने वर पाहिलं नाही.

नोटीस लागल्यापासून वर्गाला मात्र तिचा संशय. हिनेच सरांना काही तरी सांगितलं, असं ठरून गेलं. तिच्याशेजारी कुणी उभं राहीना. रिफ्रॅक्टोमीटरपाशी तिची पाळी आली की मुद्दाम वेळ लावायचे. मी एकदा वर्गात सांगून टाकलं की बाटलीतला दोष तिच्या वहीवरून सापडला, आणि तो तिच्या खरेपणामुळे सापडला. मला वाटलं त्याने तिचं बरं होईल. नंतर ती मला म्हणाली, सर, तुम्ही न्हाई बोलला असता तर बरं झालं असतं. तिचं बरोबर होतं. तिच्याबद्दल जे बोलायचं होतं ते मी लाल शाईने लिहिलं त्या दिवशी बोलायला हवं होतं.

परीक्षेत तिला तोच प्रयोग आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचे विखुरलेले ठिपके बघून भुवया उंचावल्या. तिने बॅरोमीटरचा आकडा दाखवला, थर्मामीटर पाण्यात तपासून दाखवला, आणि विचारलेल्या एका मिश्रणाच्या वाफेत बेन्झिन किती असेल ते त्यांच्यासमोर काढून दिलं. त्यांनी तिला चांगले गुण दिले. पुढे ती शिक्षिका झाली असं कळलं. तिच्या वहीतले माझे लाल गोल मी कधी खोडले नाहीत आणि तिनेही वही बदलून मागितली नाही.

मामांना माझ्या त्या लेखी कागदाचं कळलं. कसं कळलं ते मला माहीत नाही. कागद फाटला तरी कॉलेजात अशी गोष्ट राहत नाही. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. कामही पहिल्यासारखंच. फक्त त्यानंतर प्रत्येक बाटली कपाटात ठेवण्याआधी ते माझ्यापुढे आणून ठेवायचे आणि लेबलवर सही मागायचे. धुतलेल्या रिकाम्या बाटलीवरसुद्धा.

एकदा मी म्हणालो, "मामा, प्रत्येक वेळी कशाला? माझा विश्वास आहे."

त्यांनी बाटली हातातच धरून ठेवली, पेन पुढे केलं. "असू द्या, सर," ते म्हणाले. "सही करा."

मी सही केली. त्या कॉलेजात मी आणखी चार वर्षं होतो. चारही वर्षं करत राहिलो.